सगळेच ‘अर्जंट’ झाले की रांगेचे काय होते?

समजा, एका कंपनीत सगळ्या विभागांसाठी मिळून एकच आयटी हेल्पडेस्क आहे आणि तिथे एकच तंत्रज्ञ बसतो. सकाळी साडेनऊला काम सुरू होते, तेव्हा तीन तक्रारी आधीच येऊन पडलेल्या असतात. पहिली मनुष्यबळ विभागाची: जुन्या लॅपटॉपमधला सगळा डेटा नव्यात उतरवून द्यायचा आहे. काम दोन तासांचे. दुसरी हिशेब विभागातल्या एकाची, ज्याचा पासवर्ड लॉक झाला आहे. काम पाच मिनिटांचे. तिसरी भांडारातली: प्रिंटर अडला आहे, चलन निघत नाही आणि दारात ट्रक उभा आहे. काम दहा मिनिटांचे.

‘जो आधी आला, त्याचे काम आधी’ या नियमाने लॅपटॉप सुरू होतो. पासवर्डवाला दोन तास बसून राहतो आणि ट्रक दोन तास पाच मिनिटे. हीच कामे छोटे आधी, मोठे नंतर अशी केली असती, तर लॅपटॉपवाल्याला फक्त पंधरा मिनिटे थांबावे लागले असते. तिघांचे मिळून थांबणे २४५ मिनिटांवरून २० मिनिटांवर आले असते. कोणीही लबाडी केलेली नाही, क्रम अगदी काटेकोर पाळला आहे, तरीही पाच मिनिटांच्या कामासाठी माणसाचे दोन तास गेले. आगमनाच्या क्रमाला कामाचा आकार दिसत नाही. त्याचे थांबणे कोणाला किती महाग पडते, हेही दिसत नाही.

सामायिक रांगेत या नियमाची आणखी एक अडचण आहे, आणि ती सहसा लक्षात येत नाही. समजा, दहा वाजता एका विभागाने नव्याने रुजू झालेल्या चाळीस जणांची खाती उघडण्यासाठी चाळीस वेगवेगळ्या तक्रारी एकदम नोंदवल्या. प्रत्येकी पंधरा मिनिटे धरली, तरी दहा तासांचे काम झाले. दहा वाजून एक मिनिटाने ज्याची एकुलती एक तक्रार आली, त्याचा नंबर आज लागणारच नाही. म्हणजे जो जास्त तक्रारी टाकतो, त्याला तंत्रज्ञाचा जास्त वेळ आपोआप मिळतो. संगणकांच्या जाळ्यांमध्ये हाच प्रश्न उभा राहिला होता. १९८५ मध्ये जॉन नेगल यांनी त्यावर उपाय सुचवला: प्रत्येक स्रोताची रांग वेगळी ठेवा आणि पाळीपाळीने प्रत्येकीतले एकेक काम उचला. मग पूर आणणाऱ्याचा पूर त्याच्याच रांगेत तुंबतो. हेल्पडेस्कलाही हे जसेच्या तसे लागू पडते: विभागवार रांगा आणि पाळीपाळीने एकेक तक्रार.

तरीही आगमनक्रमाला सरसकट नावे ठेवणे चूक ठरेल. इंग्रज गणिती जॉन किंगमन यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले, की पुढचे काम निवडताना त्याची लांबी विचारात घेतली जात नसेल, तर आगमनक्रमात प्रत्येकाच्या थांबण्यातला फरक सर्वांत कमी राहतो. सगळ्यांची कामे साधारण सारखी असतील आणि थांबण्याचा फटकाही सारखाच असेल, तर याहून न्याय्य क्रम शोधत बसण्याची गरज नाही.

पण प्रत्यक्षात लोक वैतागतात आणि तक्रारीच्या अर्जात ‘प्राधान्य’ नावाचा एक रकाना येतो: तातडीचे की साधे. तातडीची रांग रिकामी झाली, की मगच साध्या रांगेकडे वळायचे. या पद्धतीचे गणित अ‍ॅलन कॉबहम यांनी १९५४ मध्येच मांडले होते. ते आपल्या हेल्पडेस्कला लावून पाहण्यासारखे आहे.

आता धरून चाला, की तक्रारी अनियमितपणे येतात, एका तक्रारीला सरासरी पंधरा मिनिटे लागतात आणि तंत्रज्ञ नव्वद टक्के वेळ कामात असतो. साध्या आगमनक्रमात सरासरी प्रतीक्षा १३५ मिनिटे येते. आता दर तीन तक्रारींमागे एक खरोखर तातडीची आहे असे माना आणि तिला पुढे घ्या. तातडीच्या तक्रारीची प्रतीक्षा सुमारे १९ मिनिटांवर येते आणि साधीची १९३ मिनिटांवर जाते. हा सौदा समंजस वाटतो. साध्या कामाला तासभर उशीर झाला, पण ट्रक लवकर सुटला.

पुढे काय होते, ते कुठल्याही कार्यालयात काम केलेल्याला सांगावे लागत नाही. ‘तातडीचे’ लिहिले की काम लवकर होते, हे सगळ्यांना कळते. काही महिन्यांत सहापैकी पाच तक्रारी तातडीच्या होतात. तेव्हा तातडीची प्रतीक्षा ५४ मिनिटांवर पोचते आणि प्रामाणिकपणे ‘साधे’ लिहिणाऱ्या सहाव्या माणसाची ५४० मिनिटांवर. नऊ तास! सगळ्यांची सरासरी काढली, तर ती तिन्ही वेळा १३५ मिनिटेच येते. लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६५ मध्ये सिद्ध केलेला नियम हाच सांगतो: प्राधान्याचा कामाच्या लांबीशी संबंध नसेल, तर प्राधान्याने प्रतीक्षा कमी होत नाही, ती फक्त एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर जाते. इथे ती नेमकी खरे बोलणाऱ्याच्या माथ्यावर गेली आहे. अन्याय म्हणतात तो हा, आणि महिन्याच्या अहवालात फक्त सरासरी छापली जात असेल, तर तो कोणाला दिसतही नाही.

तो पाहायचा असेल, तर दोन आकडे दर आठवड्याला तपासावेत. प्रत्येक वर्गातली सर्वांत जुनी, अजून न उघडलेली तक्रार किती दिवसांची आहे? आणि एकूण तक्रारींत ‘तातडीच्या’ किती? पहिला आकडा आठवड्यागणिक वाढतच असेल, तर साधी रांग उपाशी मरते आहे. दुसरा आकडा निम्म्याच्या वर गेला असेल, तर तो शिक्का बहुधा निरर्थक झाला आहे. यादी कोणत्या तारखेनुसार लावली आहे, हेही बघावे. ती ‘शेवटचा बदल’ या तारखेनुसार जुन्याकडून नव्याकडे लावली असेल, तर ‘माझ्या कामाचे काय झाले?’ असे विचारणाऱ्याची तक्रार त्या विचारण्यानेच शेवटी ढकलली जाते.

दोन्ही पद्धतींच्या मधली वाट क्लाइनरॉक यांनीच १९६४ मध्ये दाखवली होती. प्रत्येक तक्रारीला थांबलेल्या वेळेचे गुण द्यायचे: तातडीच्या तक्रारीला मिनिटाला चार, साध्या तक्रारीला एक. ज्याचे गुण जास्त, ते काम आधी. मग चार तास थांबलेली साधी तक्रार तासभर थांबलेल्या तातडीच्या तक्रारीच्या बरोबरीला येते आणि त्यानंतर आलेल्या नव्या तातडीच्या तक्रारी तिला लगेच मागे टाकू शकत नाहीत. तातडीचे काम लवकर होते, पण साधेही कायमचे पडून राहत नाही. मात्र तातडी कोणती, हे तक्रार करणाऱ्याने ठरवून चालत नाही. किती जणांचे काम अडले आहे आणि किती वेळात नुकसान सुरू होईल, हे विचारून ते हेल्पडेस्कने ठरवावे लागते.

अर्थात नव्वद टक्के भरलेल्या रांगेत कोणताही क्रम लावला, तरी कोणीतरी खोळंबणारच. त्याच तक्रारींसाठी त्याच वेगाने काम करणारा दुसरा तंत्रज्ञ बसवला आणि रांग एकच ठेवली, तर प्राधान्याचा रकाना काढून टाकूनही सरासरी प्रतीक्षा १३५ मिनिटांवरून सुमारे चार मिनिटांवर येते. एकच तंत्रज्ञ असताना तातडीच्या रांगेतल्यांनाही एकोणीस मिनिटे थांबावे लागत होते.