हिरवी पट्टी आणि आतली खूण

लिंक्डइनवर काहींच्या फोटोभोवती हिरवी कमान दिसते. तिच्यावर #OpenToWork असे लिहिलेले असते. कोरोनाने नोकऱ्या जात होत्या तेव्हा, २०२० मध्ये ही पट्टी आली. नोकरी बदलायची इच्छा फक्त भरती करणाऱ्यांना कळवण्याची सोय मात्र २०१६ पासूनच आहे. आज दोन्ही पर्याय एकाच जागी निवडता येतात, आणि नोकरीत असलेल्याने दुसरा निवडावा, असे सर्रास सांगितले जाते. तो सल्ला योग्यच, पण दुसऱ्या पर्यायाची मर्यादा फार थोड्यांना माहीत असते.

समजा, हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या टेस्टरने ‘फक्त रिक्रूटर्स’ हा पर्याय निवडला. आता ही खूण दिसेल ती लिंक्डइनचे रिक्रूटर हे सशुल्क साधन वापरणाऱ्यांना. त्याच्या कंपनीतले आणि तिच्याशी संलग्न कंपन्यांतले रिक्रूटर वगळण्याचा प्रयत्न लिंक्डइन करते. मात्र पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही, हे ती स्वतःच सांगते.

कारण साधे आहे. त्याच्याच कंपनीसाठी माणसे शोधणारी बाहेरची कन्सल्टन्सी ही वेगळी संस्था असते. तिच्या रिक्रूटरला तो दिसतो, आणि तिथून एक फोन मॅनेजरपर्यंत पोचायला पुरतो. क्लायंटकडे बसून काम करत असेल, तर क्लायंटचे रिक्रूटरही त्याला पाहू शकतात. शिवाय प्रोफाइलवर कंपनीचे नाव यादीतून न निवडता नुसते टाइप केले असेल, तर कोणाला वगळायचे हेच यंत्रणेला नीट कळत नाही. त्या नावावर क्लिक करून कंपनीचे पान उघडते का, हे आधी पाहावे.

हिरवी पट्टी लावली, तर मात्र शेजारच्या टेबलावरच्यालाही कळते. ९० दिवसांचा नोटीस पीरियड सुरू होण्याआधीच सहकारी त्याला निघालेला धरतात आणि नव्या प्रोजेक्टसाठी मॅनेजर दुसऱ्याचा विचार करू लागतो.

नोकरी गेलेल्याची गोष्ट वेगळी. त्याच्यापाशी लपवण्यासारखे काही उरलेले नसते. पट्टी पाहून जुने सहकारी आपल्या नव्या कंपनीत त्याचे रेफरल देऊ शकतात, आणि तातडीने माणूस हवा असलेल्या रिक्रूटरला हा लगेच रुजू होईल असे वाटते. गूगलचे माजी रिक्रूटर नोलन चर्च यांनी या पट्टीला धोक्याची खूण म्हटले होते. त्यातून अगतिकता दिसते, असा त्यांचा रोख होता. वरिष्ठ पदांच्या भरतीत ही नजर आढळते. पण कपातीत शेकडो जण एकदम बाहेर पडतात, तेव्हा पट्टीवरून माणसाची लायकी ठरवणे अन्यायाचेच आहे.

नोकरी टिकून असेल, तर आतली खूण लावण्याआधी आपली कंपनी कोणत्या कन्सल्टन्सींमार्फत माणसे घेते, एवढे विचारून घ्या.