दोन परमिटं, एक पंप

कारखान्यात दुरुस्तीला काढलेलं यंत्र अचानक सुरू झालं आणि कुणाला इजा झाली, की चौकशी अहवाल लिहिला जातो. पुष्कळदा तो एका पानात आटोपतो. कारण म्हणून ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहायचं, उपाय म्हणून ‘समज दिली’ लिहायचं आणि फाइल बंद करायची. असा अहवाल खरं तर कसा लिहायचा, याचा नमुना हवा असेल तर स्कॉटलंडचे न्यायाधीश लॉर्ड कलन यांचा पायपर अल्फावरचा अहवाल पाहावा. 1990 च्या नोव्हेंबरमध्ये तो दोन खंडांत प्रसिद्ध झाला. 6 जुलै 1988 च्या रात्री उत्तर समुद्रातला तेलाचा हा फलाट जळाला आणि 167 माणसं गेली. सुरुवात मात्र दुरुस्तीला काढलेला एक पंप चालू करण्यातून झाली.

पायपर अल्फावर वायूसोबत येणारं हलकं द्रव इंधन, म्हणजे कंडेन्सेट, मुख्य तेलवाहिनीत दाबून सोडण्यासाठी ए आणि बी असे दोन पंप होते. एक चालायचा, दुसरा राखीव असायचा. 6 जुलैला ए पंप ठरलेल्या देखभालीसाठी बंद करून त्याची वीज तोडली होती. त्याचं परमिट निघालं होतं, पण पंप उघडण्याचं काम सुरूच झालं नव्हतं. पंप रिकामाच आहे, म्हणून त्याच दिवशी एक वेगळं कामही उरकायला घेतलं. पंपाच्या वाहिनीवरची सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढली. दाब हाताबाहेर गेला तर तो सोडून देणारी ही झडप. हे काम बाहेरच्या ठेकेदाराच्या माणसांकडे होतं आणि त्याचं परमिट वेगळं होतं.

संध्याकाळी सहापर्यंत झडप परत बसवणं जमलं नाही. ती उचलून जागेवर न्यायला लागणारी क्रेन तेव्हा मिळाली नाही. वाहिनीच्या उघड्या तोंडावर एक पोलादी चकती, म्हणजे ब्लाइंड फ्लँज, लावलेली होती. चौकशीच्या निष्कर्षानुसार तिचे बोल्ट पुरते आवळलेले नव्हते, ते जेमतेम हातानं फिरवून ठेवलेले होते. आत धूळ जाऊ नये एवढ्यापुरती ती चकती ठीक होती, दाब सोसायला नव्हती. काम ‘स्थगित’ असा शेरा मारलेलं परमिट परत केलं गेलं. पण पाळी बदलताना रात्रपाळीच्या लोकांना, ‘झडप जागेवर नाही’ हे एक वाक्य कुणीही सांगितलं नाही.

रात्री पावणेदहाच्या सुमारास बी पंप ट्रिप झाला आणि पुन्हा सुरू होईना. कंडेन्सेट साचत गेलं असतं तर वायूचं सगळं काम थांबलं असतं आणि फलाटाची वीज जाण्याची भीती होती, कारण जनरेटर त्याच वायूवर चालायचे. रात्रपाळीला कंट्रोल रूममध्ये ए पंपाच्या देखभालीचं परमिट दिसत होतं. पंप अजून उघडलेला नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. मग त्याची वीज परत जोडून घेऊन तो चालवायला काय हरकत, असा हिशेब त्यांनी केला. त्यांच्या हाती जेवढी माहिती होती तेवढ्यावर तो चुकीचा नव्हता. झडपेचं परमिट सेफ्टी ऑफिसात होतं, स्थगित कामांचे कागद तिथे ठेवायची पद्धत होती म्हणून. दोन्ही परमिटांवर एकमेकांचा उल्लेख नव्हता. आणि झडपेची जागा पंपाजवळ उभं राहून सहज दिसण्यासारखी नव्हती. दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला.

पुढची आग का आटोक्यात आली नाही, हा वेगळा आणि मोठा भाग आहे. तिथल्या भिंती आगीसाठी बांधलेल्या होत्या, स्फोटासाठी नव्हत्या. आग विझवणारे पंप, समुद्रात पाणबुडे काम करत असल्यानं, आपोआप सुरू न होणाऱ्या अवस्थेत ठेवलेले होते. शेजारच्या फलाटांवरून तेल आणि वायू येतच राहिले. इथे आपण पंपापाशीच थांबू.

कलन यांच्या अहवालातली मला सर्वांत मोलाची वाटते ती एक शिस्त. त्यांनी घडलेलं आणि अनुमान यांची सरमिसळ केली नाही. पंपाचा भाग समुद्राच्या तळाशी गेलेला, पंपाजवळ असलेली माणसं मेलेली. त्यामुळे ‘ए पंप सुरू केला आणि चकतीतून गळती झाली’ हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं सत्य नाही. वाचलेल्यांच्या साक्षी, अलार्म कोणत्या क्रमानं वाजले याची माहिती आणि चकतीच्या प्रत्यक्ष चाचण्या यांवरून सर्वांत संभाव्य कारण म्हणून ते मांडलं आहे. दुसऱ्या शक्यता तपासून बाजूला का सारल्या, तेही लिहिलं आहे. आपल्याकडच्या अहवालात ‘कामगारानं न विचारता बटण दाबलं’ असं वाक्य ‘तथ्ये’ या मथळ्याखाली सापडतं तेव्हा ते कुणी पाहिलं, असं विचारावंसं वाटतं.

कारणांचा शोधही बटणापाशी थांबला नाही. परमिटं नीट न भरता सह्या व्हायच्या, काम संपल्यावर जागेवर जाऊन खात्री केली जायची नाही, परमिट कसं चालवायचं याचं रीतसर प्रशिक्षण नव्हतं. विशेष म्हणजे सप्टेंबर 1987 मध्ये याच फलाटावर एक कामगार अपघातात मेला होता, आणि परमिट व पाळीबदलातले हेच दोष तेव्हाच पुढे आले होते. वरिष्ठांकडे तक्रार येत नाही म्हणजे पद्धत चालते आहे, असं ते धरून चालले होते. थेट तपासणीत यातलं काहीच कसं दिसलं नाही, यावर कलन यांचे ताशेरे कडक आहेत.

उपायांच्या 106 शिफारशी होत्या. परमिटांबद्दलच्या शिफारशी वाचताना त्या किती साध्या आहेत याचं नवल वाटतं. दुरुस्तीसाठी बंद केलेल्या झडपांना प्रत्यक्ष कुलूप घालावं आणि खुणेची पट्टी लावावी. चालू असलेल्या परमिटांच्या प्रती अशा ठिकाणी, अशा रीतीनं मांडाव्यात की यंत्र चालवणाऱ्याला कोणतं यंत्र दुरुस्तीत आहे ते चटकन दिसावं. परमिट देणाऱ्या-घेणाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं. यांपैकी कुलपाचा उपाय रात्रपाळीच्या माणसाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून नाही. वाहिनीवरच्या कामाचं कुलूप झडपेवर लटकलेलं असतं, तर ते उघडायला किल्ली शोधावी लागली असती आणि किल्ली शोधताना झडप काढणारा माणूस सापडला असता. समज देण्यात आणि उपाय करण्यात हा फरक आहे. भारतातल्या 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 24 मध्येही, चुकून ‘बंद’वरून ‘चालू’वर सरकू शकेल असं वीज तोडण्याचं साधन सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय हवी, असं लिहिलेलं होतं.

तरीही कुलूप म्हणजे सगळं नव्हे. पंपाची वीज तोडलेली होतीच, ती रीतीनुसार परत जोडता आली. प्रश्न विजेचा नव्हताच, एकाच पंपावर दोन कामं चालू आहेत ही माहिती एकत्र नसण्याचा होता. म्हणून तुमच्या कारखान्यातला अहवाल लिहायला बसाल तेव्हा ‘यंत्र का सुरू झालं’ इतकंच विचारू नका. सुरू करणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होतं आणि काय कुठे ठेवलेलं होतं, ते नकाशावर खुणा करून लिहा.

ब्रिटन सरकारनं 106 पैकी सगळ्या शिफारशी स्वीकारल्या. 1991 मध्ये समुद्रातल्या सुरक्षेची जबाबदारी ऊर्जा खात्याकडून काढून आरोग्य व सुरक्षा कार्यकारिणीकडे दिली गेली आणि 1992 मध्ये प्रत्येक फलाटाला आपली सुरक्षा लेखी सिद्ध करायला लावणारे नियम आले. फलाट चालवणाऱ्या कंपनीवर मात्र फौजदारी खटला झाला नाही.