डिपॉझिट परत मागताना

समजा, पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटसाठी ६०,००० रुपये डिपॉझिट दिले होते. घर सोडल्यावर मालकाने रंगकामाचे २२,०००, कपाटाच्या दाराचे ४,५०० आणि नळाचे २,००० कापून ३१,५०० परत केले. आता पत्र लिहायचे.

कपाटाचे दार आपल्याच हातून तुटले असेल, तर ते पहिल्याच परिच्छेदात मान्य करावे. मग वाद २४,००० रुपयांचाच उरतो आणि पत्राचे वजन वाढते.

खरा मुद्दा रंगाचा. मालकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या अंदाजपत्रकात ‘संपूर्ण फ्लॅट, दोन हात’ असे आहे. त्याचा स्क्रीनशॉट न कापता, पाठवणाऱ्याचे नाव आणि तारीख दिसेल असा जोडावा. शेजारी घर सोडतानाचे फोटो: डाग कुठेच नाहीत, फक्त हॉलच्या एका भिंतीला खिळ्यांची भोके. नेहमीच्या वापराची झीज भाडेकरूकडून वसूल करायची नाही, असे बहुतेक करारांत लिहिलेले असते. तुमच्या करारातले ते कलम क्रमांकासह द्यावे. अंदाजपत्रक म्हणजे झालेला खर्च नव्हे, म्हणून बिल आणि पैसे दिल्याची पावती मागावी. नळ राहायला आलो तेव्हाच गळत होता, तर त्या वेळचा मेसेज पुरे.

एक खबरदारी. व्हॉट्सअॅपवर फोटो साधा पाठवला की त्यातली वेळेची मूळ नोंद निघून जाते. मूळ फाइल फोनमध्ये जपावी आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवावी.

शेवटी रक्कम, बँक खाते आणि पंधरा दिवसांची मुदत लिहून पत्र स्पीड पोस्टानेही धाडावे.