एक्सेलमधला तक्ता मेलमध्ये का मोडतो

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हाव्या लागतात. त्याआधी सचिव सभासदांना जमाखर्चाचा तक्ता मेलने पाठवतात. एक्सेलमध्ये तो नेटका असतो. तिथून कॉपी करून मेलमध्ये चिकटवला तरी सचिवांच्या पडद्यावर ठीकच दिसतो. मात्र एखाद्या सभासदाच्या फोनवर आकडे मुंगीएवढे होतात, दुसऱ्याकडे रेघा नाहीशा होतात आणि तिसऱ्याला आकड्यांची नुसती लांबलचक रांग मिळते. सभेत ज्या खर्चावर चर्चा व्हायची, तो निम्म्या लोकांनी वाचलेलाच नसतो. हे टाळता येते आणि त्यातले बहुतेक काम मेल उघडण्याआधी, एक्सेलमध्येच करायचे असते.

सेल निवडून Ctrl+C दाबले की एक्सेल तोच मजकूर अनेक रूपांत तयार ठेवते. त्यात साधा मजकूर असतो, चित्र असते आणि वेबपानांची भाषा असलेल्या एचटीएमएलमधला तक्ताही असतो. मेल सहसा हे तिसरे रूप उचलतो. म्हणजे पाठवल्या जातात त्या तक्ता कसा आखायचा याच्या सूचना, आणि मिळालेल्या सूचनांवरून प्रत्येक मेल अ‍ॅप तो आपल्या पद्धतीने नव्याने आखते. विंडोजवरचे जुने, क्लासिक आउटलुक 2007 च्या आवृत्तीपासून हे काम वर्डच्या यंत्रणेकडून करून घेते, तर जीमेल आणि आयफोनचा मेल ब्राउझरसारखे वागतात. शिवाय एक्सेल सजावटीच्या बऱ्याच सूचना सुरुवातीला एकत्र लिहिते आणि सेलमध्ये त्यांचे फक्त नाव देते. ती सुरुवात वाटेत गळाली की नाव निरर्थक ठरते. सूचना सेलमध्येच लिहिलेली असेल तर ती टिकण्याची शक्यता बरीच जास्त:

```
<td class=xl65>5,04,000</td>
<td style="border:1px solid #999; text-align:right">5,04,000</td>
```

पहिली ओळ एक्सेलच्या धाटणीची आहे, दुसरी सर्वत्र चालणारी. हा कोड हाताने लिहायची गरज नाही. गूगल शीट्समधून कॉपी केलेला तक्ता बराचसा दुसऱ्या पद्धतीने जातो. म्हणून एक्सेलमधून चिकटवलेला तक्ता सारखा बिघडत असेल, तर तो आधी शीट्समध्ये आणून तिथून मेलमध्ये न्यावा.

खरी अडचण मात्र रुंदीची आहे. समजा, संस्थेच्या तक्त्यात नऊ रकाने आहेत: अनुक्रमांक, तपशील, खातेक्रमांक, गेल्या वर्षीचा खर्च, अंदाज, प्रत्यक्ष खर्च, फरक, टक्केवारी आणि शेरा. एक्सेलचा नेहमीचा रकाना 64 पिक्सेलचा असतो. तपशिलाला 200 आणि उरलेल्या आठांना 64 धरले तर बेरीज 712 होते. नेहमीच्या फोनवर मेलला मिळणारी रुंदी साधारण 360 असते आणि त्यातूनही कडेची जागा जाते. मग अ‍ॅपपुढे दोनच वाटा उरतात. एक तर सगळा तक्ता निम्म्याने आकसायचा, नाही तर वाचणाऱ्याला आडवा सरकवत बसवायचे. आकसला की 11 पॉइंटची अक्षरे साडेपाचची होतात आणि ज्येष्ठ सभासद मेल बंद करतात. माझ्या मते यावर सजावटीचा उपाय नाही, रकानेच कमी करायला हवेत. सभेला हवे ते चार ठेवावेत. तपशिलाला 140 पिक्सेल आणि अंदाज, प्रत्यक्ष खर्च व फरक यांना प्रत्येकी 60 दिले की 320 मध्ये सगळे बसते:

| तपशील | अंदाज | प्रत्यक्ष | फरक |
|---|---:|---:|---:|
| सुरक्षारक्षक | 4,80,000 | 5,04,000 | +24,000 |
| लिफ्ट देखभाल | 96,000 | 91,500 | −4,500 |

एवढ्या अरुंद रकान्यात आकडा मावत नसेल तर सेलमध्ये #### दिसते, आणि मेलमध्येही तेच जाते, कारण कॉपी होते ते पडद्यावर दिसणारे रूप. रकाना थोडा रुंद करावा किंवा रक्कम हजारांत द्यावी. फरक जास्त की कमी, हे चिन्हाने सांगावे. नुसत्या लाल रंगावर विसंबू नये. फोन डार्क मोडमध्ये असेल तर अ‍ॅप रंग आपल्या मनाने बदलते. शीर्षकाच्या ओळीला पार्श्वभूमी दिली, तर अक्षरांचा रंगही ठरवून द्यावा.

नकोसे पाच रकाने Hide करून उरलेले कॉपी करायचा मोह होतो, पण तिथे धोका आहे. लपवलेले रकाने आणि ओळी कॉपीत सोबत जाऊ शकतात. एका अ‍ॅपमध्ये ते दिसत नाहीत, दुसऱ्यात उघडे पडतात. शेऱ्याच्या रकान्यात एखाद्या सभासदाच्या थकबाकीबद्दल काही लिहिले असेल तर ते सगळ्या इमारतीत पोहोचते. त्यामुळे भाग निवडल्यावर विंडोजवरच्या एक्सेलमध्ये `Alt+;` दाबावे. त्याने फक्त दिसणारे सेल निवडले जातात. मग ते नव्या, कोऱ्या फाइलमध्ये Paste Special मधल्या Values ने उतरवावेत. सेलच्या मागची सूत्रेही तिथे येत नाहीत. नव्या फाइलमध्ये All Borders निवडून रेघा आखाव्यात, कारण एक्सेलच्या पडद्यावर दिसणाऱ्या फिकट रेघा म्हणजे तक्त्याच्या रेघा नव्हेत. जोडलेले, म्हणजे Merge केलेले सेलही सुटे करावेत.

मराठी तक्त्यांना आणखी एक रोग जडलेला असतो. अनेक कार्यालयांत अजून कृतिदेव किंवा श्रीलिपीचे युनिकोडपूर्व फॉन्ट वापरतात. त्यात संगणक साठवतो ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. मेलबरोबर फॉन्टचे नाव जाते, फॉन्ट जात नाही. वाचणाऱ्याच्या फोनवर तो नसल्याने ‘सुरक्षारक्षक’च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. ओळखायची खूण सोपी आहे: सेलवर क्लिक करून वरच्या सूत्रपट्टीत पाहावे. तिथे मराठी न दिसता रोमन कचरा दिसला, तर मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. तोवर बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

आता चिकटवण्याचे. जीमेलमध्ये संगणकावर साधे Ctrl+V वापरावे. Ctrl+Shift+V ने तक्त्याची चौकट गळते, आणि Plain text mode चालू असेल तरीही तेच होते. क्लासिक आउटलुकमध्ये चिकटवल्यावर पर्याय येतात, त्यांतला Keep Source Formatting घ्यावा. Link शब्द असलेला पर्याय टाळावा, कारण तो तुमच्या संगणकावरच्या फाइलशी दुवा जोडतो आणि ती फाइल इतरांकडे नसते. तक्ता फार रुंद आला तर Layout मधल्या AutoFit मध्ये AutoFit Window निवडावे. Picture म्हणून चिकटवले तर रूप सगळीकडे सारखे राहते हे खरे, पण फोनवर ते चित्र आकसते, त्यातला आकडा शोधता किंवा कॉपी करता येत नाही आणि दृष्टिहीन सभासदाचे वाचक-सॉफ्टवेअर त्यातली रक्कम सहसा नीट वाचू शकत नाही. खर्चाच्या तक्त्यासाठी मी तो मार्ग घेणार नाही.

सगळ्यांना पाठवण्याआधी मेल स्वतःला, जीमेल वापरणाऱ्या एका सदस्याला आणि आउटलुक वापरणाऱ्या दुसऱ्याला पाठवावा. फोनवर उघडून पाहावे: शेवटचा रकाना न सरकवता दिसतो का, रेघा आहेत का, आकडे उजवीकडे एका रेषेत आहेत का, आणि डार्क मोडमध्ये शीर्षक वाचता येते का. मग आउटलुकवाल्याला उत्तर पाठवायला सांगावे. क्लासिक आउटलुक उत्तर देताना मूळ तक्ता पुन्हा वर्डच्या पद्धतीने लिहिते, त्यामुळे पहिल्या मेलमध्ये न दिसलेली मोडतोड अनेकदा परत आलेल्या मेलमध्ये दिसते. तपशीलवार पाहू इच्छिणाऱ्यांसाठी फाइल जोडायची असेल तर ती नवी, चार रकान्यांचीच जोडावी. मूळ फाइलमधले लपवलेले रकाने कोणीही Unhide करून उघडू शकतो.