लाचखोर कुणी म्हटलं?

व्हिएतनामी वर्तमानपत्रांत रोज आढळावा अशा धाटणीचा एक मथळा मी नमुन्यादाखल बेतला आहे. देवनागरीत तो साधारण असा वाचता येईल: ‘बात कियू फो चू तिक ह्वियेन न्यन होई लो 2 ती डोंग’. शब्दाला शब्द ठेवला तर ‘अटक माजी उप अध्यक्ष जिल्हा घेणे लाच 2 अब्ज डोंग’. कोणी अटक केली, एकाला की चौघांना, कधी, यातलं काहीच इथे नाही. व्हिएतनामी भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही आणि नाम अनेकवचनात रूप पालटत नाही. काळ दाखवणारे सुटे शब्द आहेत, पण मथळ्यात जागा वाचवायला तेच आधी गळतात.

आता हा मथळा मराठी उपसंपादकाच्या हाती द्या. पाच मिनिटांत ‘लाचखोर माजी जिल्हाध्यक्ष गजाआड’ तयार! वाचायला चटकदार, पण जवळजवळ प्रत्येक शब्द घसरलेला.

‘जिल्हाध्यक्ष’पासून सुरुवात करू. ‘उप’ गळाला हे तर झालंच, पण आपल्याकडे जिल्हाध्यक्ष म्हटलं की राजकीय पक्षाचा पदाधिकारी डोळ्यांपुढे येतो. व्हिएतनामी मथळ्यातला ‘चू तिक ह्वियेन’ हा सरकारी प्रशासक. पूर्ण पदनाम ‘ह्वियेनच्या जनसमितीचा अध्यक्ष’ असं असतं, त्यातली ‘जनसमिती’ मथळ्यात खाल्ली जाते. शब्दकोशात ह्वियेनला जिल्हा म्हणतात, पण तो प्रांताच्या खालचा तुकडा, आपल्या तालुक्याच्या जवळचा. इंग्रजीत ‘डिस्ट्रिक्ट’ चालून जातं. मराठीत त्याचा जिल्हा केला की माणसाला फुकटची बढती मिळते.

खरी गफलत ‘लाचखोर’ या शब्दात आहे. यावर कुणी म्हणेल, मूळ मथळाच ‘लाच घेणे’ असं बिनदिक्कत म्हणतो, मग अनुवादकाने का बिचकावं? कारण ‘न्यन होई लो’ हे तिथल्या दंडसंहितेतल्या गुन्ह्याचं नाव आहे. मथळा सांगतो तो अटकेचं कलम, निकाल नव्हे. व्हिएतनाममध्ये आधी ‘खोई तो’ होतं, म्हणजे फौजदारी कारवाई सुरू होऊन तपास चालतो. मग सरकारी अभियोक्ता ‘च्वी तो’ करतो, ते आपल्या आरोपपत्राच्या जवळचं. खटला आणि निकाल त्यानंतर. ‘खोई तो’चं मराठी ‘आरोपपत्र दाखल’ केलं तर बातमी एक पायरी पुढे ढकलली जाते, आणि ‘लाचखोर’ म्हटलं तर थेट शेवटच्या पायरीवर. तिथल्या 2013 च्या राज्यघटनेतही न्यायालयाचा निकाल अमलात येईपर्यंत माणूस निर्दोष मानला जातो. म्हणून ‘आरोप’ हा शब्द घालणं म्हणजे पदरचं काही मिसळणं नव्हे. मूळ वाचकाला जे न सांगता कळतं, तेवढंच तो परत आणतो.

उलट बाजूचीही एक ठेच आहे. पोलिसांनी चालकासोबत ‘लाम व्हियेक’ केलं, असा मथळा हमखास दिसतो. शब्दशः अर्थ ‘काम केलं’. प्रत्यक्षात चौकशी केली. इथे ‘ताब्यात घेतलं’ लिहिलं तर ती भर आपली.

मराठीची स्वतःची अडचण वेगळीच. ‘उपाध्यक्षाला’ म्हणावं की ‘उपाध्यक्षांना’? पहिल्यात तुच्छता डोकावते, दुसऱ्यात आदर, शिवाय ते अनेक आहेत असाही भास होतो. व्हिएतनामी मथळ्याने यातलं काहीच ठरवलेलं नाही. माझा उपाय कंटाळवाणा आहे: ‘तालुकास्तरीय माजी उपाध्यक्षास अटक’. ‘-स’ने बराच तोल राहतो. अटक एकालाच झाली का, हे मात्र मथळ्याखालच्या ठळक परिच्छेदात पाहावं लागतं. तिथले पत्रकार त्याला ‘सापो’ म्हणतात, शब्द फ्रेंचमधून आलेला. तो वाचल्याशिवाय मथळ्याला हात लावू नये.

रक्कम राहिली. 2 ‘ती’ म्हणजे 2 अब्ज, अर्थात 200 कोटी. पण डोंग! नुसतं ‘200 कोटींची लाच’ छापलं तर वाचक रुपये समजणार. हल्लीच्या दराने ती 65 ते 70 लाख रुपयांच्या आसपास जाते.

सगळं जमवून मथळा होतो: ‘लाचप्रकरणी तालुकास्तरीय माजी उपाध्यक्षास अटक, 2 अब्ज डोंग घेतल्याचा आरोप’. इंग्रजीतही हाच साचा चालतो, फक्त आदर-अनादराचा पेच तिथे नसतो.

आणि ‘माजी’ वाचून त्याची हकालपट्टी झाली, असं मात्र धरून चालू नका. 1 जुलै 2025 पासून व्हिएतनामने ह्वियेन ही पातळीच रद्द केली आहे. तिथले सगळेच तालुका उपाध्यक्ष आता माजी आहेत.