मागे घेतलेली खेळी

जपानच्या हिरोयुकी इमाबायाशी यांचा 'सोकोबान' हा खेळ 1982 मध्ये बाजारात आला. चौकटींच्या गोदामात खोकी ढकलत ठरलेल्या जागी न्यायची, एवढंच काम. पण खोकं फक्त ढकलता येतं, ओढता येत नाही. ते एकदा कोपऱ्यात गेलं की तिथून निघतच नाही. म्हणूनच अशा खेळात 'अनडू'चं बटण लागतं.

हे बटण बनवताना दर खेळीला सगळ्या पटाची प्रत ठेवता येते. पण नुसती खेळी नोंदवली तरी भागतं. सोकोबानच्या खेळाडूंची त्यासाठी एक लिपी आहे: `l`, `r`, `u`, `d` म्हणजे डावी, उजवी, वर, खाली अशी साधी चाल, तेच अक्षर मोठं असेल तर त्या चालीत खोकंही ढकललं गेलं.

मोठ्या-लहान अक्षराचा हा फरक का हवा, ते एका ओळीत पाहू. `#` भिंत, `@` माणूस, `$` खोकं, `.` खोक्याची जागा आणि `*` जागेवर पोचलेलं खोकं.

```
#@$ .#   सुरुवात
# @$.#   R
#  @*#   R
```

आता शेवटची खेळी मागे घ्यायची आहे. उजवीची उलट डावी, म्हणून माणसाला नुसतं डावीकडे नेलं तर पट `# @ *#` असा होतो: माणूस मागे आला, खोकं तिथेच राहिलं. नोंदीत `R` असल्यामुळेच प्रोग्रॅमला कळतं, की माणसाला एक घर मागे आणून त्याच्या सुटलेल्या घरात खोकं ओढायचं आहे. खेळाडूला मनाई असलेली ओढ अनडूला मात्र करावीच लागते.

नोंदींच्या दोन चवडी असतात. अनडू केलं की पहिल्या चवडीवरची सर्वांत वरची नोंद दुसरीवर जाते आणि रीडू केलं की परत येते. खेळाडूने नवी खेळी केली की दुसरी चवड रिकामी करायची, कारण तिच्यातल्या खेळी आता वेगळ्याच पटाच्या असतात.

इथेच एक चूक हमखास होते. रीडूसाठीही नव्या खेळीचंच फंक्शन वापरलं, तर ते दुसरी चवड पुसून टाकतं. लक्षण ओळखू येतं: तीनदा अनडू केल्यावर रीडू एकदाच चालतं. दुसरी चूक भिंतीवर आपटलेली चाल नोंदवण्याची. मग अनडू दाबल्यावर माणूस एक तर हलत नाही किंवा भलत्याच घरात जातो. पटावर खरोखर काही बदललं, तरच नोंद करायची आणि तेव्हाच दुसरी चवड पुसायची.

तपासणी सोपी आहे. एक कोडं पूर्ण सोडवा, सुरुवातीपर्यंत अनडू करा आणि पट मूळ पटाशी घराघराने ताडा. मग शेवटपर्यंत रीडू करून पुन्हा ताडा. एकही खोकं भलत्या घरात दिसलं, तर कुठली तरी नोंद अपुरी आहे.