मेमरी संपत येते आणि लिनक्स गोठतं

ब्राउझरमध्ये बरेच टॅब उघडे आहेत, शेजारी एक मोठी स्प्रेडशीट आहे आणि तेवढ्यात व्हिडिओ कॉल सुरू होतो. माउसचा बाण अडखळायला लागतो, मग जागीच थांबतो. कळ दाबली तर अक्षर उमटत नाही. डिस्कचा दिवा मात्र अखंड पेटलेला असतो. दहा मिनिटं, कधी अर्धा तास वाट पाहून माणूस शेवटी पॉवरचं बटण दाबून धरतो आणि न साठवलेलं काम गमावून बसतो. चार किंवा आठ जीबी रॅमच्या संगणकावर लिनक्स वापरणाऱ्या अनेकांना हा प्रसंग ओळखीचा असेल.

खरं तर लिनक्सच्या कर्नलमध्ये अशा वेळेसाठी एक सोय आहे. मेमरी उरलीच नाही तर एखादा प्रोग्राम मारून बाकीची यंत्रणा वाचवायची, हे काम ओओएम किलर करतो. ओओएम म्हणजे ‘आउट ऑफ मेमरी’. मग तो वेळेवर का धावून येत नाही? कारण संगणक गोठलेला असतो त्या वेळी कर्नलच्या हिशेबानं मेमरी संपलेलीच नसते.

पानांचे दोन प्रकार

कर्नल रॅमचा हिशेब पानांनी ठेवतो. आपल्या नेहमीच्या संगणकांवर एक पान 4 केबीचं असतं. ही पानं ढोबळमानानं दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात प्रोग्रामनं काम करताना तयार केलेला मजकूर असतो: टॅबमधलं उघडलेलं पान, स्प्रेडशीटमधले न साठवलेले आकडे. त्याची प्रत दुसरीकडे कुठेही नसते. दुसऱ्या प्रकारात डिस्कवरच्या फायलींच्या प्रती असतात. आणि चालू असलेल्या प्रोग्रामचे आदेश, म्हणजे ब्राउझरचा किंवा डेस्कटॉपचा स्वतःचा कोड, हाही त्यातच मोडतो, कारण तो डिस्कवरच्या फाइलमधूनच रॅममध्ये आलेला असतो.

जागा कमी पडली की कर्नल पानं रिकामी करायला निघतो. दुसऱ्या प्रकारचं पान न बदललेलं असेल तर ते सरळ टाकून देता येतं. लागलं की डिस्कवरून पुन्हा वाचता येईल. पहिल्या प्रकारचं पान मात्र टाकता येत नाही. ते हलवायचं तर त्यासाठी वेगळी जागा हवी, आणि ती जागा म्हणजे स्वॅप.

आता स्वॅप अजिबात नसलेला आठ जीबीचा लॅपटॉप घेऊ. ब्राउझर, स्प्रेडशीट आणि कॉल मिळून साडेसात जीबी पहिल्या प्रकारच्या पानांनी भरले, असं समजू. त्यांना हात लावता येत नाही. उरलेल्या थोड्या जागेत चालू प्रोग्रामचा कोड दाटीनं बसलेला आहे. नवीन पान हवं झालं की कर्नल त्या कोडचंच एखादं पान टाकून देतो. पुढच्याच क्षणी प्रोसेसरला नेमकं तेच पान लागतं. ते डिस्कवरून आणायचं, तर त्यासाठी कोडचं दुसरं पान टाकावं लागतं, आणि तेही लगेच हवं होतं. ओट्यावर जागा नाही म्हणून फोडणीचा डबा दर वेळी माळ्यावर चढवावा आणि मोहरी टाकायची वेळ आली की शिडी लावून पुन्हा उतरवावा, तसा हा प्रकार आहे. संगणकाच्या भाषेत याला थ्रॅशिंग म्हणतात.

यात वेळ किती जातो? रॅममधून काही वाचायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कवरून एखादं विखुरलेलं पान आणायला 10 मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे लाखपट वेळ जातो. एसएसडी बरीच वेगवान असली तरी रॅमच्या मानानं तीही शेकडो पटींनी मागेच राहते. माउसचा बाण हलवणारा कोडसुद्धा याच फेऱ्यांत अडकलेला असतो, म्हणून बाण थांबतो.

स्वॅप बंद केला की संगणक गोठणार नाही, असा समज बराच पसरलेला आहे. वरच्या उदाहरणात स्वॅप नव्हताच, तरी संगणक गोठला. स्वॅप काढल्यानं थ्रॅशिंग टळत नाही, त्याचा सगळा भार कोडच्या पानांवर येतो एवढंच.

ओओएम किलर कधी येतो आणि कोणाला मारतो

प्रोग्राम मेमरी मागतो तेव्हा कर्नल लगेच प्रत्यक्ष जागा देत नाही, फक्त शब्द देतो. प्रोग्राम त्या जागेत पहिल्यांदा काही लिहितो तेव्हा खरं पान हाती येतं. त्यामुळे दिलेल्या शब्दांची बेरीज रॅमपेक्षा मोठी होऊ शकते, आणि सगळ्यांनी एकदम वसुली केली की कोणाचा तरी बळी द्यावा लागतो.

पण त्याआधी कर्नल पानं सोडवून पाहतो. काहीही हाती न लागता अशा फेऱ्यांमागून फेऱ्या वाया गेल्या, तरच तो हात टेकतो आणि ओओएम किलरला बोलावतो. कर्नलच्या कोडमध्ये ही मर्यादा 16 फेऱ्यांची आहे. थ्रॅशिंगमध्ये नेमकी हीच अट पुरी होत नाही. कोडची पानं टाकली जात असतात, म्हणजे प्रत्येक फेरीत काहीतरी सुटतच असतं. कर्नलच्या दृष्टीनं काम पुढे सरकत असतं. ती पानं लगेच परत आणावी लागताहेत आणि समोरचा माणूस खोळंबला आहे, हे या हिशेबात कुठेच येत नाही.

ओओएम किलर अखेर आला, की प्रत्येक प्रोसेसनं रॅम आणि स्वॅप मिळून किती जागा व्यापली आहे, हे तो पाहतो. त्यात `oom_score_adj` हा -1000 ते 1000 मधला आकडा मिसळला जातो. आठ जीबीच्या, स्वॅप नसलेल्या यंत्रावर 1.6 जीबी घेणाऱ्या प्रोसेसचे हजारात 200 गुण होतात. 1.2 जीबी घेणाऱ्या दुसरीचे 150 होतात, पण तिचा `oom_score_adj` 100 असेल तर बेरीज 250 वर जाते आणि लहान असूनही तीच मरते. टॅब चालवणाऱ्या प्रोसेसना ब्राउझर स्वतःच असे वाढीव गुण लावून ठेवतात. एखादा टॅब गेला तरी चालेल, पण अख्खा ब्राउझर जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. -1000 दिलेल्या प्रोसेसला मात्र ओओएम किलर हात लावत नाही.

असं घडून गेलं असेल तर `journalctl -k` मध्ये या धर्तीची ओळ सापडते:

```
Out of memory: Killed process 4312 (Isolated Web Co)
```

कंसातलं नाव फायरफॉक्सच्या एका टॅब-प्रोसेसचं आहे. 15 अक्षरांची मर्यादा असल्यानं ते मध्येच तुटलं आहे. बळजबरीनं बंद करून पुन्हा सुरू केल्यानंतर `journalctl -k -b -1` मध्ये अशी ओळ कुठेच दिसली नाही, तर ओओएम किलरपर्यंत गोष्ट पोहोचलीच नव्हती असं समजायला जागा आहे.

खोळंबा मोजता येतो

डिसेंबर 2018 मध्ये आलेल्या लिनक्स 4.20 मध्ये फेसबुकच्या योहानस वाइनर यांनी केलेलं एक मोजमाप दाखल झालं. त्याचं नाव पीएसआय. मेमरी किती उरली यापेक्षा मेमरीपायी कामं किती वेळ खोळंबली, हे ते मोजतं. टर्मिनलमध्ये `cat /proc/pressure/memory` दिलं की दोन ओळी येतात. गोठण्याच्या उंबरठ्यावर त्या साधारण अशा दिसतील:

```
some avg10=71.40 avg60=38.12 avg300=10.05 total=48210331
full avg10=64.22 avg60=33.90 avg300=8.71 total=41077920
```

`full avg10=64.22` याचा अर्थ असा, की गेल्या दहा सेकंदांतला सुमारे 64 टक्के वेळ करण्यासारखं काम असलेली प्रत्येक प्रोसेस मेमरीची वाट पाहत थांबली होती. निरोगी यंत्रावर हे आकडे शून्याजवळ असतात.

कर्नलच्या आधीच पाऊल उचलणारे पहारेकरी प्रोग्राम आता मिळतात. त्यातला `systemd-oomd` पीएसआयचे हे आकडे आणि स्वॅपचा वापर पाहतो. `earlyoom` त्याहून साधा आहे: मोकळी रॅम आणि मोकळा स्वॅप दोन्ही 10 टक्क्यांखाली गेले की तो सर्वांत भारी प्रोसेसला बंद व्हायला सांगतो, आणि 5 टक्क्यांखाली गेले की सरळ मारतो. `systemd-oomd` ची एक अडचण मात्र ठाऊक असावी. तो एकेका प्रोसेसऐवजी प्रोसेसचा अख्खा गट मारतो. उबुंटू 22.04 मध्ये तो सुरुवातीपासून चालू ठेवला गेला, तेव्हा एखाद्या टॅबऐवजी पूर्ण ब्राउझरच नाहीसा होतो, अशा तक्रारी आल्या.

रॅममधलाच स्वॅप

पहारेकरी बळी वेळेवर देतो, पण मुळात दाब कमी करायचा तर पहिल्या प्रकारच्या पानांना जागा हवी. डिस्कवरचा स्वॅप ती देतो. तासभर न पाहिलेल्या टॅबची पानं तिकडे जातात आणि कोड रॅममध्ये टिकतो. पण पानं सतत जा-ये करू लागली की डिस्कचा तोच संथपणा आड येतो.

झेडरॅम इथे कामाला येतं. नितीन गुप्ता यांच्या ‘कॉम्पकॅश’ प्रकल्पातून ते आलं आणि 2014 च्या लिनक्स 3.14 मध्ये कर्नलच्या मुख्य भागात सामील झालं. झेडरॅम रॅममध्येच एक आभासी डिस्क तयार करतं. तिच्यात जाणारं प्रत्येक पान दाबून लहान केलं जातं. पान दाबायला आणि उलगडायला प्रोसेसरला थोडे कष्ट पडतात, पण हार्ड डिस्कच्या फेरीपुढे ते किरकोळ आहेत.

हिशेब असा. 4 जीबीचं झेडरॅम पूर्ण भरलं आणि मजकूर तिपटीनं दबला, तर रॅममध्ये त्यानं व्यापलेली जागा सुमारे 1.3 जीबी. म्हणजे निव्वळ 2.7 जीबी सुटले. ही जागा आधीपासून अडवलेली नसते. पानं येतील तशी ती वाढते. `zramctl` च्या `DATA` रकान्यात मूळ आकार आणि `COMPR` मध्ये दाबलेला आकार दिसतो. दोन्ही जवळजवळ सारखे असतील, तर तुमचा मजकूर दबण्यासारखा नाही. आधीच दाबलेल्या किंवा एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराचं असंच होतं, आणि मग झेडरॅमचा फायदा उरत नाही.

फेडोरानं 2020 च्या आवृत्ती 33 पासून झेडरॅम आपोआप चालू ठेवलं आहे. इतरत्र `zram-generator` बसवून `/etc/systemd/zram-generator.conf` मध्ये एवढं लिहिलं तरी पुरतं:

```
[zram0]
zram-size = ram / 2
compression-algorithm = zstd
```

सोबत `vm.swappiness` वाढवणं चांगलं. त्याचं ठरीव मूल्य 60 आहे आणि त्यामागे स्वॅप संथ असतो हे गृहीतक आहे. झेडरॅम वेगवान असल्यानं 100 च्या वर जायला हरकत नाही, लिनक्स 5.8 पासून 200 पर्यंत मुभा आहे. एक गोष्ट मात्र झेडरॅमवर होत नाही, ती म्हणजे हायबरनेशन. वीज गेली की रॅममधला मजकूरही जातो, त्यामुळे त्यासाठी डिस्कवरचा स्वॅप वेगळा ठेवावाच लागतो.

झेडरॅमलाही मर्यादा आहे. एका वेळी खरोखर लागणारी पानं आठ जीबीत दाबूनही मावत नसतील, तर तेही भरतं आणि पुन्हा कोडच्या पानांवर संक्रांत येते. म्हणून झेडरॅम आणि पहारेकरी दोन्ही हवेत. त्यातही कोणी जावं हे आपण आधीच सांगून ठेवू शकतो: `earlyoom` ला `--prefer` आणि `--avoid` हे पर्याय देता येतात. ब्राउझरचे टॅब पहिल्यात घालावेत, कारण ते पुन्हा उघडता येतात. ज्यात न साठवलेलं लिखाण असतं तो प्रोग्राम दुसऱ्यात घालावा.